जट कापली, आज्जीला पत्र लिहिलंय. पाठवण्याआधी एकदा वाचाल का?

हिरण्यकेशी

आमचं गाव गडहिंग्लज तालुक्यात. नोकरीमुळे मी पुण्यात असते. गेल्या वर्षी पावसाळ्यात गावी गेले आणि तिथेच टायफॉइडनं आडवी झाले. केस कमरेच्या खाली होते. आजारपणात त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही आणि नंतर डोक्याच्या मागच्या बाजूला जट धरली. यल्लम्मा देवीनं बोलावलं असं मानून घरात सगळ्यांनी हात जोडले, फणी बंद झाली. पुण्यात परत आल्यावर कित्येक महिने मी तशीच वावरले. गेल्या महिन्यात ती कापून घेतली. आज्जीला अजून माहीत नाही. तिला वाचता येत नाही, काकी वाचून दाखवेल. पत्र खाली देतेय.

*ती. आज्जीस,*
*साष्टांग नमस्कार.*

*काकी वाचत असताना मध्ये उठून जाऊ नकोस, शेवटपर्यंत ऐक. आज्जी, मी जट कापली. फोनवर सांगितलं असतं तर तू रडली असतीस आणि मला पुढचं बोलता आलं नसतं, म्हणून लिहितेय.*

*तापात तू रात्र रात्र माझ्या उशाशी बसलीस, कपाळाला भंडारा लावलास, ते मी विसरलेले नाही. मला उठून बसवत नव्हतं, त्यामुळे केसांना फणी लागली नाही. ताप उतरल्यावर दोनेक महिन्यांनी केस भराभर गळायला लागले. ते खाली पडलेच नाहीत, बाकीच्या केसांत अडकून राहिले. त्यात तेल, घाम, भंडारा. त्याची गाठ झाली. तू म्हणालीस, आईनं हाक मारली. तुझे हात जोडलेले होते म्हणून मी तेव्हा काही बोलले नाही.*

*इथं आल्यावर मला उताणं झोपता येईना. पावसात भिजले की ती दोन-दोन दिवस वाळायची नाही, वास यायचा. खाज सुटली की पेन घालून खाजवायची. ऑफिसात शेजारची मुलगी खुर्ची जरा लांब घेऊन बसायची. मानेवर मागं गाठी आल्या. डॉक्टर म्हणाले, आत उवा आणि जखमा आहेत, त्यामुळं गाठी आल्यात.*

*तुला मोठ्या आज्जीची आठवण येणार हे मला माहीत आहे. सासरच्यांनी तिची जट कापली आणि त्याच महिन्यात ती गेली. पण आज्जी, तूच मला सांगितलंयस की ती आधी वर्षभर खोकत होती, रात्री घामानं भिजायची, अंगावर मांस राहिलं नव्हतं. तिला दवाखान्यात कुणी नेलं नाही. जट कापलेली सगळ्यांना दिसली, खोकला कुणाला दिसला नाही.*

*माझी कापताना रक्त आलं नाही, दुखलं नाही. कापणाऱ्या ताईंनी आधी विचारलं, देवीपुढं नारळ ठेवायचाय का? मी ठेवला. मी देवी सोडलेली नाही. पौर्णिमेला तुझ्याबरोबर डोंगरावर येईन, पण केस विंचरून येईन.*

*आता केस बोटभर आहेत. दिवाळीला घरी येते. तेव्हा तूच तेल लाव.*

*तुझी नात*

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मोठ्या आज्जीचा उल्लेख ठेवू की काढू? ती आज्जीची सख्खी थोरली बहीण. आणि दुसरं, कापलेली जट अजून माझ्याकडे पिशवीत आहे. आज्जी पहिलं तेच विचारेल. काय सांगू?

---

मधुमालती

अगं किती सुंदर पत्र! माझ्या लेकीनं बारावीनंतर बॉयकट केला तेव्हा आमच्या सासूबाईंनी चार दिवस अबोला धरला होता. नंतर त्याच म्हणायला लागल्या, बरं झालं, नहाणीतले केस उचलायला नकोत. आज्जी लोक बोलतात, पण समजून घेतात. आणि पिशवीतले केस टाकू नकोस हं, कॅन्सरच्या पेशंटसाठी विग करतात त्यांना दान कर. कमरेखाली म्हणजे चांगली लांबी आहे.

---

हिरण्यकेशी

मधुमालतीताई, धन्यवाद. पण ते मोकळे केस नाहीत हो. जट आहे, एकसंध गोळा. आणि माझ्या घरात हा प्रश्न केशरचनेचा नाही. जट आलेल्या बाईनं ती कापली तर घरातलं माणूस जातं, असं आज्जी मनापासून मानते. उद्या कुणाला साधा ताप आला तरी तो माझ्यामुळे आला असं तिला वाटेल.

---

रूपमती

मी सातारला पार्लर चालवते. स्पष्ट बोलते, राग मानू नये. कापायची गरज नव्हती. खोबरेल तेल कोमट करून रात्रभर मुरवायचं, सकाळी भरपूर कंडिशनर लावायचा आणि खालच्या टोकाकडून जाड दातांच्या फणीनं थोडं थोडं सोडवत वर यायचं. बाळंतपणानंतर केसांचा असा गुंता झालेली एक मुलगी माझ्याकडे आली होती. अख्खी दुपार गेली, पण एक केस न कापता सोडवलं. कमरेखालचे केस परत यायला किती वर्षं लागतात! घाई झाली असं वाटतं.

---

वैजयंता

मिरजेला सरकारी दवाखान्यात परिचारिका होते, आता निवृत्त आहे. अंनिसच्या कार्यकर्त्यांबरोबर जट काढायला बरीच वर्षं जाते आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

रूपमती, तुम्ही सांगता ते खरं आहे, पण गुंत्यापुरतं. गुंता आणि जट यात फरक आहे आणि तो बोटांना कळतो. गाठ दोन बोटांत धरून हलकी ताणायची. आत एकेक केस वेगळा लागत असेल, कडेनं सुई घातल्यावर ती सरकत असेल, तर अजून गुंता आहे. तेल आणि चिकाटीनं सुटेल. गाठ दाबल्यावर घोंगडीसारखी एकजीव लागली, सुई आत शिरेना, तर संपलं. घोंगडीतली लोकर परत वेगळी करता येत नाही, तसंच हे. केसावर बारीक खवले असतात, सगळे मुळाकडून टोकाकडे. डोक्यावरचे केस एकाच दिशेला असतात तोवर ते एकमेकांवरून घसरतात. गळलेले केस आत अडकले की उलटसुलट होतात आणि खवले खवल्यांत रुतत जातात. वर डोकं ओलं करून चोळलं की आणखी घट्ट. म्हणूनच मधुमालतीताई, हे विगलाही चालत नाही. विग करणाऱ्यांना सगळ्या केसांची मुळं एका बाजूला लागतात.

आपले रोज पन्नास ते शंभर केस तसेही गळतात. विंचरल्यावर फणीत येतात, म्हणून कळतात. टायफॉइडसारख्या मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी ते कितीतरी जास्त गळतात. तेव्हाच घरात फणी बंद झाली असेल तर जट धरायला दुसरं काही लागत नाही. हिरण्यकेशी, तुझ्या पत्रातला हा भाग अगदी बरोबर आहे.

आता कापण्याबद्दल, कारण 'जटेतून रक्त येतं' हे मी प्रत्येक घरात ऐकलंय, आणि ते म्हणणारे सगळे खोटं बोलत नसतात. शिरोळ भागातल्या एका बाईंची हकिगत सांगते. वय पन्नाशीचं, जट कंबरेपर्यंत, वर अंबाड्यासारखी गुंडाळलेली. मान एका बाजूला कललेली. आधी एकदा त्यांच्या भावानं घरीच कापायचा प्रयत्न केला होता. त्यानं एका हातानं जट वर ओढून धरली आणि दुसऱ्या हातानं कात्री घातली. जड जट ओढली की डोक्याची कातडी तंबूसारखी वर येते, आणि कात्री केसांऐवजी कातडीला लागते. रक्त आलं. बाई बेशुद्ध पडल्या, भाऊ घाबरून पळाला आणि पुढं बारा गावांत झालं की जट रक्ताची आहे.

आम्ही गेलो तेव्हा पहिल्या भेटीत कात्री पिशवीतून काढलीच नाही. त्यांची सून, नवरा, शेजारीण, सगळ्यांशी बोलणं झालं. दुसऱ्या भेटीत त्या स्वतः म्हणाल्या, काढा. एकीनं जट खालून तळहातावर तोलून धरली, ओढायची नाही, नुसता भार घ्यायचा. दुसरीनं मानेच्या बाजूनं बघितलं. तिथं बहुतेक वेळा कातडीलगत अर्धा-पाऊण इंच नवे केस सरळ, मोकळे असतात, कारण जट पुढं सरकते आणि मुळातून नवा केस येतच राहतो. त्या फटीत फणी आडवी सरकवायची, कातडीवर टेकवून. कात्री फणीच्या वरून चालवायची, बोथट टोकाची, एका वेळी थोडेच केस. यंत्र लावायचं नाही, त्यात केस अडकून ओढ बसते. तासभर गेला. रक्ताचा थेंब नाही. त्यांच्या हातात जट दिली तर त्या बघतच राहिल्या. नवऱ्यानं तराजू आणला, किलोच्या आसपास भरली.

मुंडण करावं लागत नाही, हेही सांगते. आमच्याकडे बायकांचा निम्मा विरोध त्या भीतीनं असतो.

काढल्यानंतर लगेच उठू द्यायचं नाही. इतकी वर्षं भार पेललेली मान असते, काहींना गरगरतं. कोमट पाण्यानं धुवायचं, जखमा बघायच्या. उवा असतात हे धरूनच चालायचं. पर्मेथ्रिनचं एक टक्क्याचं औषध दहा मिनिटं ठेवून धुवायचं आणि आठवड्या-दहा दिवसांनी परत लावायचं, कारण लिखा पहिल्या वेळी सगळ्या मरत नाहीत. घरातल्या बाकीच्या बायका-पोरींनाही तेव्हाच लावायचं.

बाळ, तुझ्या मानेवरच्या गाठी आता कशा आहेत? उवा-जखमांच्या गाठी डोकं साफ झाल्यावर काही आठवड्यांत बसतात. बसल्या नाहीत, एखादी वाढत असेल, संध्याकाळी ताप येत असेल, तर डॉक्टरांकडे परत जा. क्षयाच्याही गाठी मानेतच येतात. तुझ्या मोठ्या आज्जीची लक्षणं वाचून माझ्या मनात तेच आलं.

---

रूपमती

वैजयंताताई, सुईचं लक्षात ठेवते. माझ्याकडे आलेली मुलगी महिन्याभराच्या गुंत्याची होती, त्यामुळे सुटला. तरीही म्हणेन की जट धरायला लागली तेव्हाच घरातलं कुणी पार्लरमध्ये घेऊन आलं असतं तर लांब केस वाचले असते.

---

वैजयंता

वाचले असते, नक्की. पण पहिल्या महिन्यात, जेव्हा सुटणं शक्य असतं, तेव्हाच घरचे फणी काढून घेतात. तुमच्याकडे येईपर्यंत ती एकजीव झालेली असते.

---

मलप्रभा

बेळगावचा आहे. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर लहानपणापासून घरच्यांबरोबर जातो. माझ्या आत्याला जट होती, ती वारली तेव्हाही होती, आणि तिला कुणी कधी त्रास दिला नाही. उलट गावात मान होता. लोक पाया पडायचे, परडीत पीठ-मीठ घालायचे. इथं सगळे जट म्हणजे घाण, जट म्हणजे उवा असं लिहितायत. साधूंच्या जटांना कुणी असं म्हणत नाही. कुंभमेळ्यात त्याच जटांपुढं मंत्री वाकतात. एका बाईनं श्रद्धेनं ठेवली तर तिच्या मागं कात्री घेऊन का लागायचं? हिरण्यकेशीनं कापली हा तिचा निर्णय, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण पत्रात आज्जीच्या श्रद्धेला 'तेल, घाम, भंडारा' एवढ्यावर आणून ठेवलंय, ते तिला लागेल.

---

काळी कसदार

मलप्रभा, तुमच्या आत्यांना मान होता हे मान्य. पण त्यांना 'नको' म्हणता आलं असतं का? साधू स्वतः जटा राखतो. नको झाल्या तर उतरवतो, त्याच्या घरात कुणी मरेल असं कुणी म्हणत नाही. आमच्या वस्तीत नववीतल्या पोरीला जट आली आणि वर्षभरात तिचं लग्न मोडलं, शाळा सुटली, देवीला सोडली म्हणून गळ्यात मोती आले. तिला कुणी विचारलं नव्हतं. म्हणून मला या प्रथेत मान दिसत नाही. आणि जट ठेवायला लावणं हा आता गुन्हा आहे, २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात. तक्रार केली तर पोलिसांना गुन्हा नोंदवावाच लागतो.

---

वैजयंता

काळी कसदार, त्या मुलीबद्दल वाचून वाईट वाटलं. पण कायद्याचं इतकं सरळ नाही. डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर ऑगस्ट २०१३ मध्ये वटहुकूम आला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत बारा प्रकार दिलेत, त्यात जटेचं नाव नाही. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, अघोरी कृत्यं, अंगात शक्ती असल्याचं भासवून फसवणूक आणि दहशत, असे प्रकार आहेत. एखादा भगत धमकावून, पैसे उकळून जट ठेवायला लावत असेल तर काही कलमं लावता येतात का ते बघावं लागतं. पण आज्जीनं मायेपोटी फणी लपवली तर कुठलं कलम लावणार? आणि लावावं का?

तुमच्या वस्तीतल्या मुलीच्या गळ्यात मोती बांधले, तो मात्र गुन्हाच आहे. महाराष्ट्रात देवदासी प्रथा निर्मूलनाचा कायदा २००५ चा आहे, कर्नाटकात १९८२ चा. जट हे देवीला सोडण्याचं पहिलं पाऊल ठरू शकतं, म्हणून लहान मुलींच्या बाबतीत आम्ही एक दिवसही थांबत नाही. मोठ्या बाईच्या बाबतीत तिचा होकार येईपर्यंत थांबतो. मलप्रभा, तुमच्या आत्या आज असत्या आणि 'मला हवी' म्हणाल्या असत्या तर मी उवांचं औषध सांगून परत आले असते.

---

मलप्रभा

तुमच्या बोलण्यात आदर आहे, म्हणून परत लिहितो. आत्याला नको म्हणता आलं असतं का, हा प्रश्न मी कधी मनात आणला नव्हता. तिला विचारायला ती नाही. पण ती दुःखी होती असं मी तरी म्हणणार नाही.

---

विस्लाकाठ

गेली काही वर्षं पोलंडमध्ये क्राकुवला राहतो. इथल्या सहकाऱ्याशी बोलताना कळलं की पोलंडच्या खेड्यांत शंभर-दीडशे वर्षांपूर्वी अगदी हीच गोष्ट होती. जटेला इथं 'कोवतुन' म्हणतात. आजार शरीरातून केसांवाटे बाहेर पडतोय, कापली तर तो परत आत जाईल, माणूस आंधळा होईल किंवा वेडा होईल, अशी समजूत. देवीऐवजी आजार, बाकी भीती तीच. युझेफ डिट्ल नावाचे इथले वैद्यकाचे प्राध्यापक, पुढे शहराचे महापौर झाले, त्यांनी एकोणिसाव्या शतकात ही जट म्हणजे रोग नाही, न विंचरलेले केस आहेत, हे दाखवून तिच्याविरुद्ध मोहीम चालवली. लोकांचा तेव्हाही विरोध झाला. आज इथं कुणाच्या डोक्यावर ती दिसत नाही. आज्जीला सांगून उपयोग होईल का माहीत नाही, पण इथं तर यल्लम्मा पोचली नव्हती.

---

काकडआरती

मी स्वतः आज्जी आहे, वय ७४, नात टाइप करून देते आहे.

पोरी, पोलंड-बिलंड आज्जीला सांगू नको. मलप्रभा म्हणतात तशी आज्जी भंडाऱ्याच्या उल्लेखानं दुखावणार नाही. तिला देवीचा राग येईल याची भीती आहे, तुझा राग नाही. आणि त्याहून मोठी भीती आहे ती बहिणीची. ती तिची सख्खी बहीण. सासरच्यांनी जट कापली तेव्हा हिनं अडवलं नाही, किंवा हिला कुणी विचारलं नाही, यातलं काहीतरी ती इतकी वर्षं मनात धरून असेल. तू लिहितेस की दवाखान्यात कुणी नेलं नाही. त्या 'कुणी'मध्ये ती स्वतःलाही धरेल. काकीनं वाचलं आणि चार जण ऐकत असले तर फारच.

तो विषय सोडू नको. तो सोडलास तर सांगण्यात काही उरत नाही. पण पत्रातून नको, दिवाळीला समोर बसून सांग. पत्रात एवढंच लिही की मोठ्या आज्जीबद्दल तुझ्याशी बोलायचंय.

---

हिरण्यकेशी

काकडआरती आज्जी, तुमचं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आज्जी मोठ्या आज्जीचं सांगताना दर वेळी 'मी माहेरीच होते' हे सांगते. मला वाटायचं ती नुसतं सांगते.

वैजयंताताई, मानेच्या गाठी बसत आल्यात. एक अजून हाताला लागते, पण लहान झालीय. ताप नाही. पुढच्या आठवड्यात दाखवून येते.

पिशवीतल्या जटेचं काय करू?

---

काळी कसदार

जाळून टाक. नदीत सोडू नकोस, मागे पूजेला लागतील.

---

मलप्रभा

जाळू नका. आज्जीला कळलं तर तिला वाटेल देवीची वस्तू जाळली, आणि तिथून पुढं ती काहीच ऐकणार नाही. आमच्याकडे गेलेल्या बाईची जट डोंगरावर नेऊन ठेवतात. आज्जीबरोबर पौर्णिमेला जाणारच आहात तर तिच्या हातानं ठेवू द्या. तिला वाटेल की देवीचं देवीला दिलं.

---

वैजयंता

आमच्यातही यावर एकमत नाही. काही कार्यकर्ते म्हणतात, देवीला नेऊन दिली की 'ती देवीचीच होती' हे पक्कं होतं, पुढच्या पोरीच्या जटेला बळ मिळतं. काही म्हणतात, घरातलं म्हातारं माणूस शांत होत असेल तर नेऊ द्या. मी दोन्ही केलंय. नेऊ दिल्यावर एका घरात सगळं शांत झालं. दुसऱ्या घरात सहा महिन्यांनी धाकट्या सुनेच्या केसात गुंता झाला आणि त्यालाही हळद लागली.

तुझ्या घरात लहान मुली आहेत का? असतील तर मी आधी त्यांचा विचार करेन.

---

हिरण्यकेशी

काकांची एक आहे, दुसरीत. केस पाठीपर्यंत, तीही आज्जीजवळच झोपते.

मग जट नेणार नाही. आज्जीला सांगेन की पुण्यातच कचऱ्यात दिली, आणि दिवाळीपर्यंत खरंच देऊन टाकते. त्यावर ती रागावली तर मी तिथं असेन.

पत्रातला मोठ्या आज्जीचा परिच्छेद काढला. त्याऐवजी असं लिहिलंय: *'मोठ्या आज्जीची आठवण तुला येणार. दिवाळीला आले की तिच्याबद्दल मला सगळं सांग, अगदी आजारपणापासून. मला ऐकायचंय. आणि धाकटीचे केस रोज विंचरत जा, सुट्टीतसुद्धा, ताप आला तरी.'* काकीला फोन करून सांगितलंय की वाचताना घरात दुसरं कुणी नको.

---

पाणंद

धागा सुरुवातीपासून वाचतेय, आज लिहायचं धाडस करते. माझ्या आईला जट आहे, मी शाळेत असल्यापासून. वय आता साठ. मानदुखीच्या गोळ्या रोज घेते. मी काल पहिल्यांदा विचारलं, काढूया का? ती म्हणाली, नाही. वडील गेले ते तिनं एकदा टोकं कापली होती म्हणून, असं तिला वाटतं. आता काय करू?

---

वैजयंता

आई नाही म्हणाल्या तर आज नाही. लगेच परत विचारू नका. वडील कशानं गेले, ते मात्र त्यांच्याकडून एकदा पूर्ण ऐकून घ्या, मध्ये न बोलता. दवाखान्याचे कागद घरात असतील तर शोधून ठेवा, पुढं कामाला येतात.

तोवर दोन गोष्टी करता येतील, त्याला त्या नाही म्हणणार नाहीत. जट डोक्यावर गुंडाळून बांधत असतील तर झोपताना सोडून बाजूच्या उशीवर ठेवायला सांगा, मानेवरचा भार तेवढा वेळ तरी उतरतो. आणि कातडीलगत जिथं बोट जातं तिथं बघा, ओल, पू किंवा दुर्गंधी आहे का. असेल तर जखमेवर औषध लावायला म्हणून दवाखान्यात न्या. कापायचं नाव काढू नका. बऱ्याच बायका पहिल्यांदा हो म्हणतात ते डॉक्टर जखम बघत असताना, घरात नाही. सांगली-कोल्हापूरकडच्या असाल तर मला व्यनि करा. पुण्याच्या बाजूला असाल तर तिथे नंदिनी जाधव हे काम करतात, त्यांनी अशा शेकडो बायकांच्या जटा काढल्या आहेत.

---

पाणंद

जतची आहे. व्यनि केला आहे. आईला उशीचं सांगितलं, त्याला हो म्हणाली.